राजीनाम्यानंतर पर्सनल गॅरंटीचं काय?

प्रश्न: कंपनीच्या कॅश क्रेडिटसाठी डायरेक्टर म्हणून पर्सनल गॅरंटीवर सही केली होती. आता राजीनामा दिलाय. जबाबदारी संपली ना?

उत्तर: नाही. राजीनामा तुम्ही कंपनीला दिलात, हमी बँकेला दिली होती. तो करार वेगळा आहे.

कागदात ‘कंटिन्युइंग गॅरंटी’ हे शब्द आहेत का बघा. कॅश क्रेडिटला बहुधा असतातच. म्हणजे खात्यात पैसे येत-जात राहिले तरी हमी चालूच. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे आधी कंपनीची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही.

कलम 130 प्रमाणे अशी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. समजा मर्यादा 50 लाखांची आहे आणि नोटीस पोचली त्या दिवशी 32 लाख बाकी होते. नंतर कंपनीने आणखी 10 लाख उचलले, तर ते तुमच्यावर नाहीत. 32 लाख आणि त्यावरचं व्याज मात्र आहे. पण छापील मसुद्यात हा हक्क सोडल्याचं कलम अनेकदा घुसवलेलं असतं (सही करताना कोण वाचतं!), तेव्हा ते आधी वकिलाला दाखवा.

पूर्ण सुटका हवी असेल तर नव्या डायरेक्टरची हमी देऊन बँकेकडून लेखी मुक्ततापत्र घ्या. मॅनेजरचं तोंडी ‘होऊन जाईल’ कोर्टात दाखवता येत नाही.