फ्लोराइड आणि दातांचे एनॅमल

प्रश्न: फ्लोराइडने दात मजबूत होतात म्हणतात, मग त्यानेच दातांवर डाग कसे पडतात?

उत्तर: एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचे बनलेले असते. गोड खाल्ल्यावर जिवाणू आम्ल तयार करतात आणि दातालगतचा पीएच सुमारे 5.5 च्या खाली गेला की हे खनिज विरघळू लागते. पुढे लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातावर बसत असताना तेथे थोडे फ्लोराइड असेल, तर ते स्फटिकातील हायड्रॉक्सिलची जागा घेते आणि फ्लोरअ‍ॅपेटाइट तयार होते, जे साधारण 4.5 पीएचपर्यंत टिकते. म्हणजे हा लाभ मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर मिळतो, पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे नव्हे.

डागांचे कारण वेगळे आहे. हिरडीखाली दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, पोटात जास्त फ्लोराइड गेले, तर घडणाऱ्या एनॅमलमधील प्रथिने वेळेवर बाहेर पडत नाहीत आणि पृष्ठभागाखालचा थर सच्छिद्र राहतो. तो खडूसारखा पांढरा दिसतो; यालाच दंत-फ्लोरोसिस म्हणतात. तपकिरी रंग दात उगवल्यानंतर बाहेरून मुरतो. मूळ दोष दात घडतानाच होत असल्याने प्रौढांना नव्याने दंत-फ्लोरोसिस होत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे.