शंभरातले साडेसेहेचाळीस

प्रश्न: सरकारने जास्त कर्ज काढलं की आमच्यासारख्या लहान उद्योगांना कर्ज मिळत नाही किंवा महाग मिळतं असं म्हणतात. पण सरकार तर रोखे विकतं, आमच्यासारखं बँकेच्या दारात रांगेत उभं राहत नाही. मग आमच्या वाट्याचा पैसा कमी कसा होतो?

सरकार रांगेत उभं राहत नाही हे बरोबर आहे. ते काउंटरच्या आत असतं. तुम्ही टोकन घ्यायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढलेला असतो. हे मी १९९१ च्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतः अनुभवलं आहे. आमच्या घरात त्यावरून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी छोटी बिडाची फौंड्री होती. कोकवर चालणारी एक क्युपोला भट्टी, बारा माणसं, आठवड्यातून दोन दिवस ओतकाम. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने पंपाच्या बॉडीची महिना दहा टनांची नवीन ऑर्डर देऊ केली, किलोला चौदा रुपये भाव. पिग आयर्न, कोक, मजुरी आणि मशिनिंगआधीची सफाई धरून मला किलोमागे साडेबारा रुपये खर्च येत होता. म्हणजे व्याजाआधी महिन्याला पंधरा हजार सुटणार होते. त्या काळात ही रक्कम मोठी होती.

अडचण वसुलीची होती. पुण्याचं पेमेंट नव्वद दिवसांनी यायचं, आणि कच्चा माल व चालू काम यात आणखी महिन्याभराचे पैसे गुंतायचे. महिना सव्वा लाख खर्चाने चार महिन्यांचे पाच लाख अडकणार. बँकेच्या पंचवीस टक्के मार्जिनच्या नियमाने सव्वा लाख माझे, पावणेचार लाख बँकेचे. माझी सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेतून उचलायची मर्यादा, चार लाखांची होती, ती पावणेआठ करून द्या असा अर्ज मी केला. खातं सहा वर्षांचं, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला वेळेवर, एकही चेक परत गेलेला नाही.

तीन महिने हेलपाटे घातले. शेवटी मॅनेजरनी मला आत बसवलं, माझ्याच स्टॉक स्टेटमेंटची एक जुनी प्रत पालथी केली आणि तिच्या पाठीवर शंभर हा आकडा लिहिला. म्हणाले, "तुमच्या कागदात खोट नाही. पण हे बघा, लोकांनी माझ्याकडे शंभर रुपये ठेवले. पंधरा रुपये रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचे, तो सीआरआर. साडेअडतीस रुपये सरकारी आणि सरकारने ठरवलेल्या रोख्यांत घालायचे, तो एसएलआर. राहिले साडेसेहेचाळीस." आणि त्याच्या खाली आणखी एक रेघ मारली. त्या मे महिन्यापासून नवीन वाढणाऱ्या ठेवींवर आणखी दहा टक्के रोख राखायचा हुकूम आला होता. म्हणजे नवीन आलेल्या शंभरातले साडेत्रेसष्ट रुपये आधीच गेलेले. उरलेल्या साडेछत्तीस रुपयांतून शेतीला द्यायचं, मोठ्या कंपन्यांच्या आधीच मंजूर झालेल्या लिमिट सांभाळायच्या आणि मग माझ्यासारखा नवीन मागणारा. लघुउद्योग प्राधान्य क्षेत्रात येतो हे मीही त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "प्राधान्य आहे हो, पण कशातलं प्राधान्य?"

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पाठकोऱ्या कागदावर आहे. बचत तीच, वाटेकरी दोन, आणि एकाचा वाटा कायद्याने आधी काढलेला. १९९०-९१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. ती भरून काढायला रोखे विकत घेणारा गिऱ्हाईक लागतो, आणि बँकेला गिऱ्हाईक व्हायची सक्तीच होती.

दुसरं निम्मं उत्तर दराचं आहे, आणि ते लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. तेव्हा सरकारी रोख्यावर बँकेला जास्तीत जास्त बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, आणि लांब मुदतीच्या ठेवीदाराला तीच बँक बारा-तेरा टक्के देत होती. वर शाखेचा, पगाराचा खर्च. म्हणजे सरकारला दिलेल्या पैशावर बँकेच्या हाती काही उरत नव्हतं, कधी तोटाच व्हायचा. तो कुठून भरून काढायचा? उरलेल्या साडेसेहेचाळीस रुपयांतून. ऑक्टोबर १९९१ मध्ये मोठ्या कर्जांचा किमान दर वीस टक्के झाला. किमान! सरकारला स्वस्तात मिळालेल्या पैशाची किंमत आम्ही भरत होतो आणि पावतीवर नाव मात्र बँकेच्या व्याजाचं होतं.

बँकेने लिमिट वाढवली नाही. बाजारात पैसा होता, शेकडा तीन रुपये महिन्याने. पावणेचार लाखांवर महिन्याला सव्वाअकरा हजार. पंधरातून ते वजा करा, राहतात पावणेचार हजार, आणि एक पेमेंट महिनाभर लांबलं की तेही संपले. हेच पैसे बँकेने वीस टक्क्यांनी दिले असते तर सव्वासहा हजार व्याज देऊन माझ्याकडे पावणेनऊ हजार उरले असते. वीस टक्केसुद्धा मला परवडत होते, हे लक्षात घ्या. मी बाजारातून लाखभर उचलून तीन टन केले. उरलेलं काम बेळगावच्या एका फौंड्रीकडे गेलं. नियम त्यांच्या बँकेलाही तेच होते, पण मालकाच्या घरचा पैसा होता. माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. पैसा आटला की वाईट धंदे गळतात आणि चांगले टिकतात असं होत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो टिकतो. मोठ्या कंपन्या शेअर बाजारात, डिबेंचरकडे वळल्या. उद्यमनगरातला माणूस कुठे वळणार?

आता आमचे दाजी. बहिणीचे यजमान, सरकारी नोकरीत, वाचन चांगलं, बोलणं त्याहून चांगलं. त्या दिवाळीला जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "बँक देत नाही म्हणजे तुझ्या धंद्यातच काहीतरी कमी असणार. आणि सरकार पैसा घेतं तो काय खड्ड्यात पुरतं? पगार होतात, धरणं होतात, तोच पैसा फिरून बँकेत येतो." वडिलांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचं मला अजून वाईट वाटतं. मॅनेजरनी ज्या कागदाची पाठ वापरली त्यात माझी काही चूक नव्हती, हे मी वडिलांना पटवून देऊ शकलो नाही, आणि ते १९९४ ला गेले.

दाजींच्या बोलण्याला माझं उत्तर असं आहे. पैसा फिरून बँकेत येतो हे खरं. पण येताना तो पुन्हा ठेव म्हणूनच येतो आणि त्याच्या पुन्हा तशाच खापा पडतात. आणि तो कशावर खर्च झाला यावर सगळं आहे. १९९०-९१ च्या तुटीतला जवळजवळ चाळीस टक्के भाग महसुली तुटीचा होता. म्हणजे उसने घेतलेले ते पैसे धरणात किंवा विजेच्या तारांत गेलेच नाहीत, रोजचा खर्च आणि जुन्या कर्जाचं व्याज भागवण्यात गेले. सरकारने कर्ज काढून वीजकेंद्र उभारलं असतं तर मी बिनतक्रार थांबलो असतो, कारण क्युपोला सोडून इंडक्शन भट्टी लावायला मला वीजच हवी होती. उसन्या पैशाने रोजचा खर्च चालवणाऱ्यासाठी माझी ऑर्डर का जावी?

पुढे सक्ती कमी झाली. बँकिंग सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीने १९९१ मध्येच एसएलआर पंचवीसवर आणा असं सांगितलं होतं, ते ऑक्टोबर १९९७ पर्यंत झालं. रोखे लिलावाने विकायला लागले. लगेच आमचे दिवस पालटले असं मात्र नाही, कारण सरकार आता हक्काने घेत नव्हतं तर भाव देऊन घेत होतं. १९९५-९६ मध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्याला चौदा टक्के पडत होते. बुडण्याची भीती नाही, वसुलीला फिरणं नाही, आणि चौदा टक्के. बँकेने माझ्या फौंड्रीला सतराने कशाला द्यावं? आधी कोट्याने ढकलत होते, मग भावाने.

आता काही गोष्टी दाजींच्या बाजूच्याही सांगायला हव्यात, नाहीतर ते वाचून म्हणतील मी सोयीचं तेवढंच लिहिलं. १९९१ ची सगळी पैशाची टंचाई तुटीमुळे नव्हती. परकीय चलन संपत आलं होतं, महागाई तेरा-चौदा टक्क्यांवर होती, आणि रिझर्व्ह बँक मुद्दाम पैसा आवळत होती. माझ्या वीस टक्क्यांतला काही भाग त्याचा होता. आणि सरकारने भरपूर कर्ज काढलं की दरवेळी असंच होतं, हेही खरं नाही. २००३ मध्ये सरकारची उसनवारी जोरात होती, तरी दहा वर्षांच्या रोख्याचा दर पाच टक्क्यांच्या जवळ आला, आणि पंचवीसची सक्ती असताना बँका ठेवींच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास रोखे स्वतःहून बाळगून होत्या. २०२० मध्ये बाजारातून घ्यायचं कर्ज ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटींवर नेलं, तरी दर सहाच्या आसपास राहिला. दोन्ही वेळा उद्योगच कर्ज मागत नव्हते, बँकांकडे पैसा पडून होता, आणि २०२० मध्ये रिझर्व्ह बँकही रोखे घेत होती. पडीक रान सरकारने कसलं तर कुणाचं पीक जात नाही.

म्हणून तुम्हाला नकार मिळाला असेल तर आधी बँकेचे दोन आकडे बघा, ठेवींतला रोख्यांचा वाटा आणि ठेवींच्या मानाने कर्जवाटप. आज एसएलआर अठरा टक्के आहे. तुमची बँक त्याहून बरेच जास्त रोखे धरून बसली असेल, तर ती सक्ती नाही, तिची निवड आहे, आणि दोष सरकारला देऊ नका. तुमच्या अर्जाला बँक का घाबरते ते विचारा, लेखी विचारा. पण ठेवींच्या मानाने कर्जवाटप टोकाला गेलेलं असेल, उद्योगांची मागणी चढती असेल आणि त्याच वेळी सरकारी रोख्यांचे दर वर जात असतील, तर तुम्ही १९९१ च्या माझ्या खुर्चीत बसला आहात. तेव्हा लिमिट वाढवून मिळण्याची वाट बघत तीन महिने घालवू नका. गिऱ्हाइकाकडे जा आणि नव्वद दिवसांचे पंचेचाळीस करून मागा, बदल्यात किलोला चार आणे कमी घ्या. दहा टनांवर ते महिन्याला अडीच हजार होतात. दीड महिन्याचे पावणेदोन लाखांहून जास्त पैसे मोकळे होतात, आणि तेवढ्यावर शेकडा तीनने पाच हजारांच्या वर व्याज गेलं असतं. मी हे तेव्हा मागितलं नाही. बँकेशी भांडण्यात माझा पावसाळा गेला.

तो कागद मी जपून ठेवला आहे. पाठीवर शंभर, त्याखाली पंधरा, साडेअडतीस, आणि साडेसेहेचाळीसभोवती पेनाने काढलेलं वर्तुळ. पुढच्या बाजूला माझा त्या महिन्याचा माल आहे, टनात, आणि तो बरोबर आहे.