घट्ट बसलेली ब्रिज पिन

प्रश्न: अकूस्टिक गिटारची जाडी सहावी तार बदलायचीय, पण ब्रिज पिन जाम हलत नाहीये. पक्कड लावून ओढू का?

उत्तर: पक्कड नको. प्लास्टिकच्या पिनचं डोकं चिरडतं किंवा तुटून हातात येतं, आणि पक्कड निसटली की टॉपवर कायमचा ओरखडा.

पिन बहुतेक वेळा भोकात नाही, तारेच्या टोकाच्या गोळीमुळे अडकलेली असते. तार ताणलेली असताना गोळी वर ओढली जाऊन पिन आणि ब्रिजखालच्या लाकडी पट्टीत पाचरीसारखी रुतते. म्हणून आधी तार पूर्ण सैल करा, अगदी लोंबेपर्यंत. मग पिनजवळ तार धरून ती भोकात खाली ढकला. गोळी सुटली की 'टक्' असं जाणवतं, आणि पिन बोटांनीही निघते.

तरीही नाही हलली तर स्ट्रिंग वाइंडरच्या खाचेत पिनचं डोकं अडकवा, खाली जाड पुठ्ठा ठेवा आणि सरळ वर उचला. डावी-उजवीकडे हिसके देऊ नका. सहाही भोकं ब्रिजच्या लाकडाच्या रेषांवर ओळीने असतात, त्यामुळे चीर गेली तर भोकातून भोकात जाते.

शेवटचा उपाय आतून. बाकीच्या ताराही सैल करून साउंडहोलमधून हात घाला, पिनचं टोक चाचपा आणि नाण्याच्या सपाट बाजूने वर दाबा. बाहेरून दुसऱ्या हाताने डोकं धरून ठेवा, नाहीतर पिन उडेल. भोकाशी आधीच केसाएवढी चीर दिसत असेल तर जोर न लावता गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या.