सकाळचा आकडा

प्रश्न: दोन-तीन महिने झाले, काम तेच आहे, तासही तेवढेच, पण सुट्टी घेऊनही फ्रेश वाटत नाही आणि लोकांवर उगाच चिडचिड होते. हे बर्नआउट आहे की नुसता थकवा? आणि नोकरी न सोडता आत्ता काय करता येईल?

उत्तर:

साधा थकवा विश्रांतीने उतरतो. दोन रात्री नीट झोप झाली, एक दिवस कामाशिवाय गेला की माणूस परत ताळ्यावर येतो. तो उतरायचाच बंद झाला की मग मात्र थांबून बघायला हवं. मी कस्टमर सपोर्टमध्ये टीम लीड आहे आणि मला हे बऱ्याच उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ तसाच राहिला की त्यातून होणारी अवस्था असं म्हटलंय, आणि तिच्या तीन बाजू सांगितल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने लांब जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याच्याने काम नीट होत नाहीये असं वाटणं. पहिली बाजू सगळ्यांना दिसते. माझं दुर्लक्ष झालं ते दुसऱ्या बाजूकडे, कारण ती आली तेव्हा मला वाटलं मी फास्ट काम करायला लागलेय.

म्हणजे असं की आधी मी ग्राहकाची जुनी तिकिटं, म्हणजे त्याने नोंदवलेल्या तक्रारी, उघडून बघायचे, याला मागच्या वेळी काय त्रास झाला होता ते वाचायचे आणि मग उत्तर लिहायचे. नंतर नंतर तयार टेम्प्लेट चिकटवून पाठवायला लागले. टीममध्ये बोलताना माणसाचं नाव जाऊन "ते तिकीट परत आलं" असं तोंडात यायला लागलं. नवीन आलेल्या एका मुलीने तीच शंका दुसऱ्यांदा विचारली तर मी स्क्रीनवरून नजर न हलवता "डॉक्युमेंटमध्ये आहे" म्हणाले, आणि नवीन लोकांना शिकवणं हा तर माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग होता. अजून एक खूण, एक तिकीट रोज सकाळी उघडायचे, पूर्ण वाचायचे, आणि पेंडिंगला टाकून पुढचं घ्यायचे. चार दिवस. काम पाच मिनिटांचं होतं.

त्यामुळे सुरुवात ओळखायची असेल तर रडू येतंय का, कोसळतोय का हे बघत बसू नका, ते फार पुढचं आहे. आपल्याला कामातला कुठला भाग आवडायचा आणि आता त्याचाच कंटाळा येतोय का, कुठलं छोटंसं काम आपण रोज टाळतोय, हे बघा.

आता काय करायचं ते. एकच गोष्ट सांगते, १४ दिवस एक छोटी नोंद ठेवा आणि त्यातून फक्त एकाच बाबतीत बदल मागा. नोंद कागदावर ठेवलेली बरी, कारण फोन हातात घेतला की मेसेज दिसतात.

सकाळी उठल्यावर फोन बघायच्या आधी ० ते १० मध्ये एक आकडा लिहायचा, आज अंगात किती जोर आहे. संध्याकाळचा आकडा मी मुद्दाम घेत नाही, संध्याकाळी सगळेच दमलेले असतात, त्यातून काही कळत नाही. रात्रीत आपण भरून निघालो का, हे सकाळी कळतं. मग रात्री झोपताना दोन गोष्टी, आज सगळ्यात जास्त कशाने दमवलं, आणि कामाचा शेवटचा फोन किंवा मेसेज किती वाजता बघितला. पहिली गोष्ट लिहिताना "मीटिंग" किंवा "लोड" असे मोठे शब्द नकोत, नेमकं काय घडलं ते लिहा, "तीच माहिती दुसऱ्या टीमकडे तिसऱ्यांदा मागितली" असं. सुट्टीच्या दिवशीही लिहायचं, ते दिवस उलट जास्त महत्त्वाचे.

माझी स्वतःची खात्री होती की तिकिटांची संख्या वाढलीय म्हणून हे होतंय. १४ दिवसांनी वही बघितली तर एका दिवशी ७० च्या आसपास तिकिटं होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा ६, आणि ४० तिकिटांच्या एका निवांत दिवसानंतर आकडा ३. मग मी ३ किंवा त्याखालच्या सकाळींवर गोल केले, त्या सहा निघाल्या, आणि सहापैकी पाच सकाळींच्या आदल्या रात्री एस्कलेशनचा फोन, म्हणजे रात्री तातडीचं काही आलं तर वाजणारा, माझ्याकडे होता. आमच्याकडे तो फोन मी आणि दुसरा लीड आलटून पालटून ठेवायचो, म्हणजे एक-दोन रात्री माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे.

पण गंमत नाही, मला खरंच धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. त्या पाच रात्रींपैकी फोन वाजला होता फक्त दोन रात्री. बाकी तीन रात्री काहीच झालं नव्हतं, मी नुसती वाट बघत झोपले होते. थकवत होतं ते हे वाट बघणं. कामाचे तास संपले तरी मन कामावरून सुटत नाही, झोप सावध लागते, आणि मन सुटल्याशिवाय शक्ती भरून येत नाही. तास मोजून हे कधीच दिसलं नसतं, कारण कागदावर त्या रात्री मी काम केलंच नव्हतं.

आता बदल मागण्याबद्दल, इथे मी आधी एकदा चुकले होते. वही सुरू करायच्या आधी मॅनेजरना म्हणाले होते, "सर, खूप लोड होतोय." ते म्हणाले, "सगळ्यांनाच आहे गं, एवढा महिना काढू." तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण आता वाटतं की त्यांना ठरवता येईल असं मी काही दिलंच नव्हतं, लोड होतोय म्हटल्यावर समोरच्याने नक्की काय करायचं?

दुसऱ्यांदा वीस मिनिटं वेळ मागून घेतली आणि असं सांगितलं: "सर, रात्रीच्या फोनबद्दल बोलायचंय. गेल्या दोन आठवड्यांत माझ्याकडे फोन असताना जे कॉल आले ते सगळे सकाळी ९ पर्यंत थांबले असते तरी काही बिघडलं नसतं. मला दोन गोष्टी करून बघायच्यात, चार आठवड्यांसाठी. एक, सर्व्हिस सगळ्यांसाठीच बंद पडली असेल तरच रात्री फोन करायचा, बाकीचं सकाळी. दोन, फोन आलटून पालटून न ठेवता एक अख्खा आठवडा एकाकडे, आणि तिसरा आठवडा टीममधल्या सिनियर्सकडे. सकाळपर्यंत थांबवल्यामुळे कुठल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर मी त्याची नोंद ठेवते, चार आठवड्यांनी तुम्ही बघा."

त्यांनी विचारलं, "सिनियर्सना जमेल?" मी कुठल्या वेळी कोणाला उठवायचं याचं एक पान लिहून नेलं होतं, तरी ते सिनियर्सना द्यायला तयार झाले नाहीत. पण रात्री कधी फोन करायचा तो नियम आणि अख्खा आठवडा एकाकडे, एवढं मान्य झालं. मागितलं त्यातलं सगळं मिळालं नाही, पण त्यामुळे दर दुसरा आठवडा रात्री माझ्या स्वतःच्या झाल्या.

आणि एक नीट सांगते, लगेच बरं वाटलं नाही. पहिल्या मोकळ्या आठवड्यात पण कान तिकडेच असायचे, सकाळचा आकडा ४ च्या वर गेला नाही आणि मला वाटलं हे काही कामाचं नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर ३ येणं थांबलं. चिडचिड तर त्याच्याही नंतर गेली, दीड-दोन महिन्यांनी. म्हणून ट्रायल एका आठवड्याची घेऊ नका, कमीत कमी चार आठवडे ठेवा.

ती वही मॅनेजरना दाखवू नका असं माझं ठाम मत आहे. झोप, मूड, हे तुमचं खाजगी आहे, त्यांच्यासमोर फक्त कामाचा भाग न्या, किती कॉल, किती वाजता, काय थांबू शकलं असतं. आणि एकाच वेळी पाच गोष्टी मागू नका, त्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात बिनकामाची मान्य होते. आठवडाभर मोठी रजा टाकणं हाही बऱ्याच जणांचा पहिला विचार असतो, रजा जरूर घ्या, पण परत आल्यावर काम तसंच असेल तर तिचा फायदा काही आठवड्यांत विरून जातो, मी ते करून बघितलंय.

तुमच्या वहीत वेगळंच काहीतरी निघेल. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि मायकल लायटर यांनी वर्षानुवर्षं यावरच संशोधन केलंय, आणि त्यांनी बर्नआउटच्या मागे कामाच्या सहा बाजू धरल्यात: कामाचा बोजा, कामावरचा आपला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. म्हणजे बोजा ही सहातली एक. तुम्ही म्हणता काम आणि तास तेवढेच आहेत, तर मी तुमच्या जागी असते तर बाकीच्या पाचांकडे आधी बघितलं असतं, दोन-तीन महिन्यांपूर्वी काय बदललं? बॉस बदलला, जवळचा कलीग सोडून गेला, तुमचे निर्णय आता दुसऱ्याच्या मंजुरीला जायला लागले, असं काही? कारण जर अपमान करणारा माणूस किंवा उघड अन्याय हे असेल, तर वेळापत्रक बदलून उपयोग होणार नाही, तिथे टीम बदलून मागणं हाच तो एक बदल असू शकतो.

आणि वहीत काही पॅटर्नच दिसला नाही, सुट्टीच्या सकाळीही आकडा खालीच, आणि कामाबाहेरच्या आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरकडे जा. रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, यातही माणूस असाच गळून जातो, आणि डिप्रेशन असेल तर त्यावर वेगळे उपचार लागतात. जगणं नको असे विचार येत असतील तर १४ दिवस थांबू नका, आजच्या आज जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा.

मी अजूनही दर तीन महिन्यांनी एक आठवडा सकाळचा आकडा लिहिते. मागच्या वेळी सातपैकी एका सकाळी ३ आला, पण त्या रात्री मुलाला ताप होता, त्यामुळे तो मी धरला नाही.