रेफरल मागताना सिनियरला नेमकं काय लिहावं?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या क्वालिटीत साडेतीन वर्षं झाली. ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या पीपीएपी फाइल्स आणि कास्टिंगमधल्या गॅसच्या पोकळ्यांमुळं होणारं ब्लोहोल रिजेक्शन ही दोन कामं माझ्याकडे आहेत. पुण्याच्या एका गाड्यांच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा निघालीय. तिथं आमच्या कॉलेजचे एक सिनियर आहेत, चार बॅच पुढचे, मेळाव्यात एकदाच भेटलोय. "सर, काही व्हेकन्सी असेल तर प्लीज रेफर करा" असं लिहून सीव्ही पाठवला. ब्लू टिक आली, उत्तर नाही. परत विचारू, की सरळ वेबसाइटवर अर्ज टाकून मोकळा होऊ?

उत्तर:

भावा, पहिलं म्हणजे वेबसाइटवरचा अर्ज थोडे दिवस थांबव. बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये उमेदवार ईमेल आयडीवरून ओळखला जातो. तू आधी थेट अर्ज केलास की तुझी नोंद 'डायरेक्ट' म्हणून पडते. मग सिनियरनी त्याच जागेसाठी तुझं नाव टाकलं तर "उमेदवार आधीच अस्तित्वात आहे" असं येतं आणि रेफरल धरला जात नाही. सगळीकडं असंच असतं असं नाही, पण विचारायला थोडे दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही. जागेची शेवटची तारीख दोन दिवसांवर असेल तर मात्र वाट बघू नकोस, अर्ज टाक आणि तसं त्यांना स्पष्ट सांग.

आता ब्लू टिकचं. मी स्वतः अकरा वर्षं सप्लायर क्वालिटीत आहे, महिन्याला असे पाच-सहा मेसेज येतात. "काही व्हेकन्सी असेल तर" याचा अर्थ, मीच करिअर पेज उघडायचं, मीच जागा शोधायची, मीच तुझा सीव्ही वाचून कुठं बसतोस ते ठरवायचं. दुपारी सप्लायरकडं लाइन थांबलेली असताना हे कोण करणार? माणूस वाईट नसतो. संध्याकाळी बघू म्हणतो आणि मेसेज खाली जातो. आपल्याकडं 'जोडणी लावणं' म्हणतात, पण जोडणीलाही समोरच्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

ते काहीतरी म्हणजे जॉब कोड. कर्मचाऱ्याच्या रेफरल पोर्टलवर साधारण आधी जागा निवडावी लागते, मग उमेदवाराचं नाव, ईमेल, मोबाइल, सीव्ही आणि "तुम्ही यांना कसे ओळखता" हा रकाना. कोड नसेल तर तो पहिल्याच पायरीवर अडतो, कारण 'क्वालिटी इंजिनिअर' टाकलं की पुणे, चेन्नई, गुजरात असं सगळं एकत्र येतं. माझ्याच हातून एकदा अशी चूक झालीय. पोराने नुसतं पदाचं नाव दिलं होतं, मी त्याच नावाची जागा निवडली, ती निघाली दुसऱ्या प्लांटची. तीन आठवडे तो पुण्याच्या फोनची वाट बघत बसला.

कोड कंपनीच्याच करिअर पेजवरून घे. जागेच्या नावाखाली किंवा पानाच्या तळाशी Job ID किंवा Req ID असं लिहिलेलं असतं. काही साइटवर पत्त्याच्या शेवटी R- किंवा JR ने सुरू होणारा आकडा दिसतो. लिंक्डइनच्या पत्त्यात जो लांबलचक आकडा असतो तो लिंक्डइनचा स्वतःचा, कंपनीच्या पोर्टलवर त्याचा उपयोग शून्य. कन्सल्टंटच्या जाहिरातीतला नंबरही त्याचाच. आणि मेसेज पाठवायच्या दिवशी पान पुन्हा उघडून जागा चालू आहे का बघ. बंद जागेचा कोड पाठवणं हे कोड न पाठवण्यापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट, दोनच मुद्दे. जाहिरातीत आठ-दहा अपेक्षा असतात: ऑडिट, एसएपी, प्रवासाची तयारी वगैरे. त्यातल्या अनिवार्य बघ आणि ज्यांचा पुरावा तुझ्या हातात आहे अशा दोन उचल. तुझ्या बाबतीत फार शोधावं लागणार नाही. पीपीएपी हा एक. पण "पीपीएपीचं ज्ञान आहे" असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. लेव्हल ३ च्या किती फाइल्स तू स्वतः तयार केल्यास, त्यातल्या किती पहिल्या सबमिशनला पास झाल्या, हे लिही. सप्लायर क्वालिटीवाला रोज याच फाइल्स परत पाठवत असतो, त्याला हा आकडा लगेच कळतो.

ब्लोहोलचा मुद्दा तुझा खरा हुकमी पत्ता आहे, कारण टेबलामागे बसून कास्टिंग शिकलेले खूप, मोल्डिंग लाइनवर उभे राहिलेले कमी. पण इथंच माणसं फसतात. "रिजेक्शन निम्म्यावर आणलं" म्हटलं की इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो, कोणत्या महिन्याशी तुलना केली? कोल्हापूरच्या जुलैत हवेत दमटपणा, साच्यात बसवायचे वाळूचे कोअर ओल धरतात, गॅसचे दोष वाढतात. जुलैचा आकडा जानेवारीशी लावलास तर सुधारणा तुझी नाही, पावसाची. जुलैशी जुलै लाव. टक्के नगावर की वजनावर, हेही स्वतःशी पक्कं कर. आणि कारण एका ओळीत सांगता आलं पाहिजे: वाळूतला ओलावा दर तासाला तपासला की कोअर भाजण्याची वेळ बदलली, नेमकं काय केलं? ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर मात्र मेसेजमध्ये घालू नकोस. दुसऱ्याची गुपितं उघडी करणारा क्वालिटीवाला कुणालाच नको असतो.

मी लिहिलं असतं ते असं (आकडे आणि कोड नमुन्याचे, तुझे तू घाल):

"नमस्कार सर, मी अमुक, आपल्या कॉलेजचा, मेकॅनिकल, तुमच्या चार बॅच मागचा. मेळाव्यात भेटलो होतो. मागच्या वेळी मोघम विचारलं, त्याबद्दल क्षमस्व. तुमच्या करिअर पेजवर सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, कास्टिंग, पुणे ही जागा आहे, कोड R-20417, आज सकाळी चालू होती. मी अजून अर्ज केलेला नाही. जाहिरातीतल्या दोन गोष्टी मी रोज करतो. एक, गेल्या दोन वर्षांत लेव्हल ३ पीपीएपीच्या १४ फाइल्स केल्या, ११ पहिल्याच वेळी मंजूर. दोन, एका हाउसिंगचं ब्लोहोल रिजेक्शन जुलै ते जुलै ६ टक्क्यांवरून ३ वर आलं, कोअरची साठवण आणि ओलाव्याची तपासणी बदलून. सीव्ही सोबत आहे. रेफर करणं शक्य असेल तर आभारी राहीन, नसेल तरी हरकत नाही, मी मग थेट अर्ज करीन."

शेवटचं वाक्य काढू नकोस. एकदाच भेटलेल्या माणसाला नाही म्हणायची वाट ठेवली की तो मोकळेपणानं उत्तर देतो. हेच दोन मुद्दे इंग्रजीत तीन ओळींत खाली वेगळे टाक, म्हणजे त्यांना पोर्टलच्या रकान्यात जसेच्या तसे चिकटवता येतील. "कसे ओळखता" तिथं ते 'कॉलेजचा ज्युनियर' एवढंच लिहितील, तुझ्या कामाची हमी देणार नाहीत. द्यावी अशी अपेक्षाही धरू नकोस.

चार-पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच विचार, त्याच कोडसह. नंतर थेट अर्ज कर. त्याच कंपनीतल्या तिघांना एकाच वेळी गाठू नकोस. बहुतेक ठिकाणी पहिल्यानं टाकलेलं नाव धरलं जातं, आणि दुसऱ्याला ते कळलं की त्याचा फुकट वेळ गेल्याचा राग तुझ्यावर निघतो.

त्यांनी नाव टाकलं की कंपनीकडून बहुधा तुझ्या ईमेलवर लिंक येईल. अर्ज त्याच लिंकवरून, त्याच ईमेलनं भर. रोज स्पॅम फोल्डरही बघ. आमच्याकडच्या दोघांच्या लिंक तिथंच मुदत संपेपर्यंत पडून होत्या.