समुद्राची रेघ मानेवर नको

गुहागरच्या किनाऱ्यावर सगळ्या घरच्यांचा फोटो हवाय ना? मग फोन वाळूत खोचू नकोस, वाऱ्याने हलतो. जांभ्याच्या गडग्यावर ठेव आणि मागून दगडाचा टेकू दे. समुद्राची रेघ उभ्या माणसांना साधारण फोनच्याच उंचीवर कापते, म्हणून फोन छातीच्या उंचीवर हवा. गळ्याइतका वर गेला की रेघ थेट मानेतून जाते. ग्रिड लावून ती आडव्या ओळीला समांतर आण. अगदी कडेला कोणाला उभं करू नकोस, वाइड लेन्समध्ये तिथले चेहरे ताणले जातात.

टायमर 10 सेकंदांचाच लाव, 3 सेकंदांत वाळूतून धावत पोचणं होत नाही. काही फोनमध्ये टायमर संपल्यावर लागोपाठ अनेक फोटो निघतात, तो बर्स्ट असेल तर नक्की वापर. वाऱ्यात कोणाचे तरी केस डोळ्यांवर येतातच, त्यातून निवडायला मिळतं.