बेंझामाइडमधला एक कार्बन गेला कुठं?

सर, बेंझामाइडला ब्रोमीन आणि NaOH देऊन अ‍ॅनिलिन करायची हॉफमन रिअ‍ॅक्शन केली. मेकॅनिझममध्ये CO2 निघतो असं लिहिलंय, पण माझ्या फ्लास्कमध्ये एक बुडबुडा दिसला नाही. रिअ‍ॅक्शन झालीच नाही का? (जुळे सोलापूर)

झालेली असू शकते. बघ, आधी ब्रोमीन नायट्रोजनवर बसतो, मग अल्कली तिथला उरलेला हायड्रोजन काढून घेते, आणि ब्रोमाइड सुटत असतानाच फिनाइल रिंग कार्बोनिलला सोडून थेट नायट्रोजनवर जाऊन बसते, झाला फिनाइल आयसोसायनेट. तो अल्कलीच्या पाण्यात टिकत नाही, त्याचं अ‍ॅनिलिन होतं आणि कार्बन कार्बोनेट होऊन सोडियमबरोबर तिथंच विरघळून राहतो. अ‍ॅनिलिन काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यात हळूहळू अ‍ॅसिड टाक, कसं फसफसतंय बघ. मात्र नुसत्या फेसावर विसंबू नको, जुन्या कॉस्टिकमध्येसुद्धा कार्बोनेट असतंच.

अ‍ॅनिलिनचं तेल यायचं तर पांढरी पावडर आली, 200 डिग्रीलाही वितळेना. (एमएस्सी, विजापूर रोड)

मग ते उरलेलं बेंझामाइड नाही, ते 130च्या आतबाहेर वितळलं असतं. हा डायफिनाइल युरिया असणार, 240च्या आसपास वितळतो. म्हणजे अल्कली कमी पडली आणि आयसोसायनेटला आधीच तयार झालेलं अ‍ॅनिलिन गाठून बसलं. हिशोब बघ:

```
C6H5CONH2 + Br2 + 4NaOH → C6H5NH2 + Na2CO3 + 2NaBr + 2H2O
```

6 ग्रॅम बेंझामाइड म्हणजे साधारण 0.05 मोल, त्याला ब्रोमीन 8 ग्रॅम (2.6 मिली, फ्यूम हूडमध्येच मोजायचा, हातमोजे घालून) आणि NaOH सुद्धा 8 ग्रॅम. पण हा कागदावरचा हिशोब. बाटली दहादा उघडून पेलेट्स ओल्या चिकट झाल्या असतील तर तुझे 8 ग्रॅम हे 8 नसतातच, म्हणून मी सरळ 10 घेतो.

बर्फ लागतोच का? मे महिन्यात इथं आणलेला बर्फ लॅबपर्यंत येईतो निम्मा पाणी होतो. (अक्कलकोट रोड)

लागतोच. मे महिन्यात आपल्याकडं टाकीचं पाणी नळातनंच चहाला निघाल्यासारखं येतं, त्यात ब्रोमीन-अल्कली मिसळलं की हायपोब्रोमाइटचं ब्रोमेट व्हायला लागतं आणि ब्रोमेट या कामाला निरुपयोगी. बर्फात मीठ घाल, 5 डिग्रीच्या खाली ठेव, अमाइड टाकून सगळं विरघळेपर्यंत हलव, आणि मगच 70-80 डिग्रीवर ने. उलट क्रम केलास तर ब्रोमीनही गेला आणि अमाइडही तसंच. शेवटी थेंबभर तेल अ‍ॅसिडमध्ये घेऊन थंडीतच नायट्राइट टाक, मग अल्कलीतलं बीटा-नॅफ्थॉल. नारिंगी-लाल रंग आला तर अ‍ॅनिलिन आहे, बेंझामाइड हा रंग देत नाही. टॉवेल लांब ठेव, डाग जात नाही.

एन-मिथाइल बेंझामाइड घेतलं तर चालेल? (बार्शी)

नाही. ब्रोमीन बसल्यावर अल्कलीनं काढायला नायट्रोजनवर हायड्रोजन उरतच नाही, गाडी तिथंच अडकते.